मुदत नेमकी कधी संपते?

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांत ‘आरएफई आलीय’ एवढं म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. अर्जात पुरावा कमी पडतोय, तो अमुक तारखेच्या आत पाठवा, अशी ही यूएससीआयएस या इमिग्रेशन खात्याची नोटीस. पुरावा काय द्यायचा हे वकील बघतो. घोळ होतो तो बहुतेक वेळा तारखेत, कारण दिवस मोजायची आपली पद्धत आणि खात्याची पद्धत वेगळी असते.

समजा, टेक्सासमध्ये राहणारं पुण्याचं एक जोडपं आहे. नवऱ्याच्या एच-१बी व्हिसाची मुदत वाढवण्यासाठी कंपनीने अर्ज केला आणि सोबत बायकोच्या एच-४ साठी आय-५३९ हा वेगळा अर्ज गेला. दोन्ही अर्जांवर आरएफई निघाल्या, दोन्हींवर तारीख ४ जून २०२५, बुधवार. एकाच दिवशी टपालात पडल्या म्हणजे उत्तराची तारीखही एकच असणार, असं कुणालाही वाटेल. पण आरएफईला जास्तीत जास्त १२ आठवडे, म्हणजे ८४ दिवस, देता येतात आणि ती कमाल मर्यादा आहे, हक्क नव्हे. आय-५३९ ला साधारणपणे ३० दिवसच मिळतात. शिवाय एकदा दिलेली मुदत अधिकाऱ्याला वाढवून देता येत नाही. विनंतीचं पत्र पाठवण्यात वेळ घालवू नये.

आधी नवऱ्याची नोटीस घेऊ. नोटीस टपालात पडली तो दिवस शून्य, दुसरा दिवस पहिला. मधले शनिवार-रविवार मोजायचे. १९ जूनची जूनटीन्थची सुट्टी मोजायची, ४ जुलैही मोजायचा. असे ८४ दिवस भरतात २७ ऑगस्टला. (त्या वर्षी नेमकी त्याच दिवशी गणेश चतुर्थी होती. अमेरिकी सरकारच्या सुट्ट्यांच्या यादीत ती नाही, त्यामुळे तिचा हिशेबाशी काही संबंध नाही.) नोटीस टपालाने पाठवली असेल तर नियमाप्रमाणे त्यात तीन दिवस मिळवतात. झाला ३० ऑगस्ट, शनिवार. इथे सुट्ट्यांचा नियम पहिल्यांदा कामाला येतो. शेवटचा दिवस शनिवारी, रविवारी किंवा सरकारी सुट्टीला आला, तर मुदत पुढच्या कामाच्या दिवसापर्यंत चालते. ३१ ला रविवार, १ सप्टेंबरला लेबर डे. म्हणून कायद्याच्या हिशेबाने मुदत संपते मंगळवारी, २ सप्टेंबरला.

आता बायकोची नोटीस. तीस अधिक तीन, म्हणजे ३३ दिवस. तेहतिसावा दिवस येतो ७ जुलै, सोमवार. त्याच्या लगेच आधी ४ जुलैची सुट्टी, मग शनिवार, मग रविवार. टपाल कचेऱ्या सुट्टीच्या तंद्रीत, पण मुदत एका दिवसानेही वाढत नाही, कारण सुट्टी शेवटच्या दिवसावर पडलेली नाही. एकाला सुट्ट्यांनी तीन दिवस दिले आणि दुसरीचे तीन दिवस सुट्ट्यांतच गेले. सवलत सुट्टीला नाही, फक्त शेवटच्या दिवशी येणाऱ्या सुट्टीला आहे, एवढं पक्कं धरलं की बाकीचा हिशेब सोपा होतो.

गंमत म्हणजे खातं स्वतःच्या कामाचे दिवस वेगळे मोजतं. जादा पैसे भरून अर्ज लवकर निकालात काढायच्या ‘प्रीमियम प्रोसेसिंग’चे एच-१बीसाठीचे १५ दिवस १ एप्रिल २०२४ पासून कामाचे दिवस धरले जातात. त्यात शनिवार-रविवार आणि सरकारी सुट्ट्या वगळल्या आहेत. अर्जदाराला मात्र ही मोकळीक नाही.

नियमातले ते तीन दिवस मात्र फार नाहीत. टपालाने पाठवलेली नोटीस टपालात पडली की बजावली गेली असं धरतात. तुमच्या हाती कधी पडली, हा प्रश्न येत नाही. पत्राला नऊ दिवस लागले तर तीन भरून निघाले, सहा गेले. आपल्याकडच्या १८९७ च्या जनरल क्लॉजेस अॅक्टमध्ये, रीतसर रजिस्टर टपालाने पाठवलेलं पत्र नेहमीच्या टपालात ज्या वेळी पोचायला हवं त्या वेळी बजावलं गेलं असं मानतात, म्हणून इथून गेलेल्या माणसाला पत्र मिळाल्या दिवसापासून मोजायची सवय असते. अर्जदार अमेरिकेबाहेर, समजा सांगलीत, राहत असेल तर तीनऐवजी १४ दिवस मिळवायची खात्याची पद्धत आहे. पाकीट मात्र फेकू नये. नोटिशीवर ४ तारीख आणि पाकिटावरचा टपालाचा शिक्का ९ तारखेचा असेल, तर ती कधी टपालात पडली हे दाखवायला तोच पुरावा असतो.

उत्तर पाठवताना मात्र नियम बरोबर उलटा होतो. तुम्ही ते टपालात कधी टाकलं याला किंमत नाही. नोटिशीत दिलेल्या पत्त्यावर ते शेवटच्या दिवसापर्यंत मिळालं पाहिजे. जाताना पाठवल्याची तारीख, येताना पोचल्याची. टपालाचं सगळं जोखीम दोन्ही बाजूंनी अर्जदाराच्याच माथी. त्यातही सरकारी टपालासाठी आणि खासगी कुरियरसाठी पत्ते बरेचदा वेगळे असतात. पोस्ट बॉक्सच्या पत्त्यावर कुरियरवाला पाकीट देऊ शकत नाही आणि ते परत येईपर्यंत मुदत निघून जाते. कागदही तुकड्यांनी पाठवायचे नाहीत. पहिला गठ्ठा गेला की तेवढ्यावरच निकाल द्या असं तुम्ही म्हणालात, असा अर्थ घेतला जातो.

हा सगळा हिशेब समजून घ्यावा, पण त्याच्या जोरावर नोटिशीशी वाद घालू नये. नोटिशीवर शेवटची तारीख छापलेली असते आणि टपालाचे दिवस सहसा त्यात आधीच धरलेले असतात. त्या तारखेत पुन्हा तीन मिळवणं ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. तारीख वाचतानाही सांभाळावं: अमेरिकेत महिना आधी लिहितात, त्यामुळे 07/08/2025 म्हणजे ८ जुलै, ७ ऑगस्ट नव्हे. आणि छापलेली तारीख शनिवारी येत असली, तरी शहाण्याने पाकीट आदल्या आठवड्यातच पोचतं करावं. सोमवारचा नियम कामी येतो तो कुरियर अडकल्यावर, बेत आखायला नव्हे.

मुदत चुकली तर अर्ज सोडून दिला असं समजून नाकारता येतो. अशा नकारावर अपील नाही. प्रकरण पुन्हा उघडा अशी विनंती करता येते, पण कारणं मोजकीच: मागितलेला पुरावा मुळात गरजेचाच नव्हता, उत्तर वेळेत दिलं होतं, किंवा पत्ता बदलल्याचं लेखी कळवूनही नोटीस जुन्या पत्त्यावर गेली. तिसरं कारण सांगायचं तर पत्ता खरोखर कळवलेला हवा. घर बदलल्यापासून दहा दिवसांत एआर-११ फॉर्मने तो कळवणं बंधनकारकच आहे. टपाल खात्यात पत्रं नव्या घरी वळवायची सोय करून ठेवली म्हणजे झालं, अशी समजूत बऱ्याच जणांची असते, पण ती नोंद यूएससीआयएसकडे जात नाही. फॉर्म ऑनलाइन भरल्यावर मिळणारी पोच छापून ठेवावी आणि प्रलंबित अर्जाच्या फाइलवरही नवा पत्ता चढलाय का, हे खात्यात लॉगिन करून बघावं.