सव्वा वाटी ते सव्वा किलो

डोंबिवलीतल्या एका केटरिंगच्या काउंटरवर बारावी झालेली एक मुलगी ऑर्डरी लिहून घ्यायला बसते. दुकान मामाचं. ही तिची गोष्ट काल्पनिक आहे, पण त्यातलं गणित आणि शिरा दोन्ही खरे.

एक काकू सत्यनारायणाच्या प्रसादाची ऑर्डर घेऊन आल्या. माणसं 180. सोबत घरचं प्रमाण लिहिलेली चिठ्ठी होती: सव्वा वाटी रवा, सव्वा वाटी साखर, सव्वा वाटी तूप, अडीच वाट्या दूध, एक केळं. "एवढ्यात वीस द्रोण होतात गं, बाळा. आणि माप सव्वाचंच हवं हं!"

आत कढईशी असलेला मामा म्हणाला, "सोपं आहे. रवा, साखर, तूप, सगळं सव्वा-सव्वा किलो लिही."

ऐकायला बरोबर वाटतं, आणि गफलत नेमकी इथेच होते. वाटी जागा मोजते, काटा वजन मोजतो. रव्याच्या दाण्यांमध्ये हवा बरीच असते, त्यामुळे वाटीभर रवा वाटीभर साखरेहून हलका भरतो आणि पातळ तूप साखरेपेक्षाही थोडं जड असतं. म्हणजे वाटीने समसमान घेतलेल्या तीन वस्तू काट्यावर समसमान नसतात. तिन्ही सव्वा-सव्वा किलो घेतल्या तर शिरा होईल, पण काकूंचा नाही. तो कमी गोड आणि कोरडा होईल.

मुलीने काकूंकडून वाटीचा अंदाज घेतला. साधारण दीडशे मिलिलिटरची, आमटीची. तशीच वाटी तिने काट्यावर ठेवली, काटा शून्यावर आणला आणि एकेक जिन्नस सपाट भरून वजन केलं. सव्वा वाटीचा हिशोब असा निघाला: रवा 130 ग्रॅम, साखर 160, तूप 170. दूध 375 मिलिलिटर, ते मापानेच घ्यायचं. आता चिठ्ठीतलं प्रमाण काट्याच्या भाषेत आलं.

पुढचं काम शाळेतल्या त्रैराशिकाचं. वीस द्रोणांचे 180 करायचे म्हणजे नऊपट. रवा 1170 ग्रॅम, साखर 1440, तूप 1530, दूध साधारण 3.4 लिटर. पट सगळ्यांना एकच लागते. साखर जास्त वाटते म्हणून ती तेवढी आठपट घेतली की तो दुसराच पदार्थ होतो.

पण काकूंचा सव्वा कुठे गेला? मुलीने रवा 1170 वरून 1250 ग्रॅम केला, म्हणजे बरोबर सव्वा किलो. मग बाकीचं त्याच्या मागून आलं. 130 ग्रॅम रव्याला 160 साखर, तर 1250 ला साधारण 1540. तूप 1635. दूध 3.6 लिटर. द्रोण 192 होतात, म्हणजे बारा जास्त, आणि प्रसादाला ऐन वेळी येणारे शेजारी असतातच. एका जिनसाला खुंटा धरायचं आणि बाकीचे त्याच्या प्रमाणात बांधायचे. बेकरीवालेही हेच करतात. मैदा 100 धरून पाणी, मीठ, यीस्ट त्याच्या टक्क्यांत लिहितात. केळ्यांचा हिशोब साडेनऊच्या आसपास येतो. तिथे नऊ घ्या नाहीतर दहा, कोणाला कळणार नाही.

"छान," मामा म्हणाला, "आता आठ मिनिटांत भाजला जाणारा रवा सत्तर मिनिटं भाजू का?"

वेळेला पट लावता येत नाही. मोठ्या कढईखाली शेगडीही मोठी असते, म्हणून भाजायला वेळ जास्त लागतो, पण नऊपट नाही. तो वासावर आणि रंगावर ठरतो. शिवाय थर जाड झाला की तळाचा रवा करपतो आणि वरचा कच्चाच राहतो, म्हणून मामा रवा दोन घाण्यांत भाजतो.

दुधाचं तर आणखी वेगळं. कढई सगळ्या बाजूंनी दुप्पट झाली तर तिच्यात आठपट माल मावतो, पण वाफ जाणारं उघडं तोंड चौपटच होतं. त्यामुळे मोठ्या घाण्यात किलोमागे दूध कमी आटतं. हिशोबाचं सगळं दूध एकदम ओतलं तर शिरा सैल होतो आणि तो घट्ट होईपर्यंत ढवळत बसलं की चिकट होतो. वेलदोड्याची पूडही मामा आधी थोडी हात राखून घालतो आणि चव घेऊन वाढवतो. घातलेली काढता येत नाही.

त्या दिवशी 3.6 लिटर गरम दुधापैकी 300 मिलिलिटर त्याने पातेलीत बाजूला ठेवलं. दूध मुरलं, साखर विरघळली आणि रवा फुलून कडेने तूप सुटायला लागलं, तेव्हा पातेलीतलं निम्मं दूध उरलं होतं. मुलीने वहीत 3.6 खोडून 3.45 लिहिलं आणि शेजारी कंसात 'मोठी कढई' अशी नोंद केली.