कर्जात नाव, पण घरात?

नागपुरात मनीषनगरला ६० लाखांचा फ्लॅट बायकोच्या एकटीच्या नावावर घेतला, तर मुद्रांक शुल्कात एक टक्का, म्हणजे ६० हजार रुपये वाचतात. राज्यात ही सवलत १ एप्रिल २०२१ पासून आहे. खरेदीखतात नवऱ्याचं नाव आलं की ती मिळत नाही. म्हणून अनेक जोडपी घर तिच्या नावावर आणि कर्ज दोघांच्या नावावर घेतात.

इथेच गफलत होते. नवरा सहकर्जदार असला, निम्मा हप्ता भरत असला, तरी सहमालक नसेल तर त्याला करवजावट मिळत नाही. फेडीची जबाबदारी मात्र पूर्ण कर्जाची!

समजा, पहिल्या वर्षाचं व्याज ३ लाख ८० हजार आहे. राहत्या घरासाठी मालकाला वर्षाला दोन लाखांपर्यंतचीच व्याजवजावट मिळते. दोघं सहमालक व सहकर्जदार असून निम्मं-निम्मं भरत असतील, तर प्रत्येकी १ लाख ९० हजार. जास्तीच्या १ लाख ८० हजारांवर २० टक्के दराने, उपकरासह, सुमारे ३७ हजारांचा कर वाचतो. दोन वर्षांत मुद्रांकाची बचत मागे पडते.

पण हे जुन्या करप्रणालीत. नव्या प्रणालीत राहत्या घराच्या व्याजाची वजावटच नाही. दोघंही तीच निवडणार असतील, तर माझ्या मते तिचं एकटीचं नाव फायद्याचं. मालक कोण, हे बँकेच्या पत्रावर नव्हे, नोंदणीच्या ‘इंडेक्स टू’वर पाहा.