बाहेर न पडलेला पहिला दिवस

२७ जुलै २००५च्या सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांत मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. तो आकडा एका दिवसाचा होता. पण धरण किंवा नाला किती पाणी सोसेल हे ठरवताना अभियंते लागोपाठच्या दोन किंवा तीन दिवसांचा सर्वाधिक पाऊसही पाहतात. पावसाच्या जुन्या नोंदींतून असे तीन दिवस शोधणे सोपे वाटते. प्रोग्रॅम लिहिताना मात्र त्यात एक चूक हमखास होते, आणि ती सहजासहजी दिसत नाही.

सरळ मार्ग म्हणजे प्रत्येक दिवसापासून पुढचे तीन आकडे नव्याने मिळवायचे. तीन दिवसांसाठी हे चालून जाते. शंभर वर्षांच्या नोंदींत लागोपाठचे तीस दिवस शोधायचे असतील, तर साडेछत्तीस हजार वेळा तीस-तीस आकड्यांची बेरीज करावी लागते. यावर ‘स्लायडिंग विंडो’ हा उपाय आहे. पहिल्या गटाची बेरीज एकदाच करायची. मग गट एक घर पुढे सरकवताना नवा आकडा मिळवायचा आणि मागे सुटलेला वजा करायचा. गट कितीही मोठा असो, दर पावलाला एक बेरीज आणि एक वजाबाकी पुरते.

पायथॉन भाषेत अनेकजण ते असे लिहितात:

```python
total = sum(a[:k])
best = total
for i in range(k, len(a)):
    total += a[i] - a[i - k + 1]
    best = max(best, total)
```

हा प्रोग्रॅम चालतो, कुठेही अडत नाही आणि चुकीचे उत्तर देतो.

समजा, सात दिवसांचा पाऊस मिलिमीटरमध्ये २०, १०, ५०, ३०, ६०, ५ आणि ४० असा आहे. तीन दिवसांच्या खऱ्या बेरजा ८०, ९०, १४०, ९५ आणि १०५ येतात, म्हणजे उत्तर १४०. वरचा प्रोग्रॅम मात्र ८०, १००, ११०, ८५, ६५ अशा बेरजा धरतो आणि ११० सांगतो.

हा ११० कुठून आला ते उलगडून पाहण्यासारखे आहे. चौथ्या दिवसाचे ३० आत आले तेव्हा पहिल्या दिवसाचे २० बाहेर जायला हवे होते. प्रोग्रॅमने दुसऱ्या दिवसाचे १० काढले. पुढच्या पावलाला ६० आत आले आणि तिसऱ्या दिवसाचे ५० गेले. उरले २०, ३० आणि ६०. म्हणजे पहिला दिवस शेवटपर्यंत बेरजेत अडकून राहतो आणि त्याच्या जोडीला फक्त ताजे दोन दिवस असतात. बेरीज तीन आकड्यांचीच होते, पण ते तीन दिवस लागोपाठचे नसतात.

चुकीचे मूळ `i - k + 1` मध्ये आहे. नव्या गटाचा पहिला आकडा तिथेच असतो, म्हणून हे गणित डोक्यात पक्के बसलेले असते. पण तो आकडा आत राहायचा आहे. बाहेर जाणारा त्याच्या एक घर मागे, म्हणजे `i - k` या जागी असतो. दुरुस्ती एवढीच:

```python
    total += a[i] - a[i - k]
```

ही चूक चाचणीतूनही निसटते. सगळे आकडे सारखे असतील तर कोणता काढला याने फरकच पडत नाही. पाऊस ६०, ५०, ४०, ३० असा उतरत गेला असेल तर सर्वात मोठी बेरीज पहिल्याच गटाची, १५० असते. सरकवण्याआधीच ती `best` मध्ये गेलेली असते, म्हणून चुकीचा प्रोग्रॅमही १५०च सांगतो. असे दोन-तीन नमुने तपासून कोड बरोबर मानणे धोक्याचे आहे.

चाचणीसाठी १, २, ४, ८, १६ हे आकडे घ्यावेत आणि गट तीनचा ठेवावा. प्रत्येक आकडा आधीच्याच्या दुप्पट असल्याने यांतले कोणतेही आकडे निवडले तरी त्यांची बेरीज वेगळीच येते; चुकीचे उत्तर आले तर त्यावरूनच बिघाड ओळखता येतो. बरोबर उत्तर २८, म्हणजे ४, ८ आणि १६. २५ आले तर १, ८ आणि १६ मिळवले गेले, म्हणजे पहिला आकडा अडकला. ३१ आले तर वजाबाकी झालीच नाही. आणि १४ आले तर बहुधा `i - k - 1` लिहिले गेले आहे: पहिल्याच फेरीत ही जागा -१ होते, आणि पायथॉन त्यावर तक्रार न करता यादीतला शेवटचा आकडा, म्हणजे अजून गटात न आलेले १६, वजा करून टाकतो.