लक्ष्मीबाई डोंगरे काय करत होत्या?

येत्या २३ एप्रिलला पंडिता रमाबाईंची जयंती. केडगावचे मुक्ती मिशन, शारदा सदन, कलकत्त्याच्या पंडितांनी दिलेली 'सरस्वती' ही पदवी, हे सगळे भाषणांत पुन्हा ऐकू येईल. बालपणाचा विषय निघाला की एक ठरलेले वाक्य येते: वडील विद्वान पण गरीब, मुलीला शिकवणारे, दुष्काळात गेले. या वाक्यातला प्रत्येक शब्द तपासून पाहावा, असे मला बरेच दिवस वाटत होते. त्यात आईचे नावही नसते, हे तर फार खटकते.

रमाबाईंच्या घराबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे, ते मुख्यतः तीन जागी सापडते. पहिली जागा म्हणजे १८८७ साली अमेरिकेत निघालेल्या 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' या पुस्तकाची प्रस्तावना. ती रॅचेल बॉडली यांची. आनंदीबाई जोशी ज्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकल्या, त्याच्या त्या प्रमुख होत्या. दुसरी जागा रमाबाईंचे स्वतःचे लेखन: दुष्काळाच्या आठवणी आणि १९०७चे आत्मनिवेदन. तिसरी जागा त्यांचा पत्रव्यवहार. इंग्लंडमधल्या वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांनी तो जमवला आणि महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ साली प्रसिद्ध केला.

प्रत्येक ठिकाणी सांगण्याचा हेतू निराळा आहे. बॉडलींना अमेरिकन वाचकाचे मन हलवून बालविधवांच्या शाळेसाठी पैसा उभा करायचा होता. १९०७च्या रमाबाई ख्रिस्ती श्रद्धेच्या प्रकाशात मागे पाहत होत्या. पत्रे मात्र त्या त्या दिवसाच्या भांडणात लिहिलेली. आईबापांची माहिती देणे हा त्यांचा हेतूच नव्हता, म्हणून ती त्यांत ओघात येते आणि माझ्या मते सर्वांत विश्वासार्ह ठरते.

आधी वडिलांचा व्यवसाय पाहू. 'शास्त्री' ही विद्येची ओळख झाली, पोट कशावर चालते ते त्यातून कळत नाही. वडील अनंतशास्त्री पुण्यात रामचंद्रशास्त्री साठे यांच्याकडे शिकले. गुरुजी वाड्यात पेशव्यांच्या पत्नीला संस्कृत शिकवायला जात आणि ते पाहून आपणही पत्नीला शिकवायचे, असे शिष्याने ठरवले. पुढे म्हैसूरच्या दरबारात त्यांना मान आणि पैसा मिळाला. पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात त्यांनी आश्रम थाटला, तिथे विद्यार्थी आणि यात्रेकरू येऊ लागले. पाहुणचार आणि दानधर्म यांत पुंजी आटली, कर्ज झाले. रमाबाई सहा महिन्यांच्या असताना कुटुंबाने आश्रम सोडला आणि वेताच्या पेटाऱ्यात घालून बाळाला डोंगरावरून खाली आणले.

इथून पुढचा धंदा पुराणिकाचा. देवळात, घाटावर किंवा झाडाखाली पोथी उघडून बसायचे आणि पुराण वाचायचे. पुराणाला रिकाम्या हाताने जाऊ नये, ही श्रोत्यांची समजूत, म्हणून कोणी फुले आणी, कोणी फळे, कोणी धान्य किंवा नाणी. रमाबाईंनी या धंद्याचे वर्णन बारकाईने केले आहे. त्यात मागायचे काही नाही, म्हणून प्रतिष्ठा राहते. पण गावाच्या कोठारात धान्य असेल तोवरच पोट भरते. घरात इंग्रजी शिकवले नव्हते आणि अंगमेहनत प्रतिष्ठेला कमीपणा आणणारी. टंचाई आल्यावर दागिने आणि भांडी विकली, उरलेला पैसा व्रतांत आणि ब्राह्मणभोजनांत गेला. शेवटी तिरुपतीच्या रानात अकरा दिवस पाने, पाणी आणि मूठभर रानखजुरांवर काढले. म्हणून 'गरीब' हा शब्द मला पुरेसा वाटत नाही. हे घर जन्मतः दरिद्री नव्हते. त्याची मिळकत एकाच प्रकारच्या श्रोत्यावर उभी होती आणि तो श्रोताच उपाशी पडला.

आता तारखांचे. रमाबाईंचा जन्म १८५८चा. आईबाप गेले तेव्हा त्या सोळा वर्षांच्या होत्या, असे चरित्रे सांगतात. बेरीज केली की १८७४ येते. पण त्याच दमात 'मोठ्या दुष्काळात' असेही लिहिलेले आढळते आणि मद्रास इलाख्यातला तो मोठा दुष्काळ १८७६ ते ७८चा. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकत नाहीत. आईवडिलांमागोमाग बहीण गेली, मग भाऊ श्रीनिवास यांच्याबरोबर देशभर पायी भटकंती झाली आणि १८७८ साली दोघे कलकत्त्याला पोचली. एवढ्या भटकंतीला मध्ये काही वर्षे हवीत, म्हणून मला १८७४च पटते. गाजलेल्या दुष्काळाचे नाव या मृत्यूंना नंतर चिकटले असावे. चरित्र वाचताना वय आणि साल यांची बेरीज एकदा बोटांवर करून पाहावी, ती अशासाठी.

आणि आता आई, लक्ष्मीबाई. त्यांच्या लग्नाची गोष्ट 'द हाय-कास्ट हिंदू वुमन'मध्ये निनावी आहे. गोदावरीवर यात्रेला आलेला एक बाप, त्याची नऊ वर्षांची मुलगी, घाटावर भेटलेला परका ब्राह्मण, दुसऱ्या दिवशी लग्न आणि मुलीची शेकडो मैल दूर पाठवणी. ती मुलगी म्हणजे रमाबाईंची आई, हे बॉडली प्रस्तावनेत उघड करतात. लग्नानंतर अनंतशास्त्रींनी तिला संस्कृत शिकवले, त्याबद्दल उडुपीच्या धर्मसभेपुढे त्यांना शास्त्राधार मांडावे लागले. पुढे ते थकल्यावर रमाबाईंना लक्ष्मीबाईंनी शिकवले. दिवसा कामातून सवड नसे, म्हणून पाखरे जागी होण्याआधी मुलीला उठवून धडा द्यायच्या. इथवर आपल्याला घरात मुलीला शिकवणारी आई दिसते.

पण पत्रांत आणखी काही आहे. रमाबाई चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे, असा विचार पुढे आला. हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली: याने त्यांच्याच देशातले लोक बिथरतील. रमाबाईंनी महाविद्यालयाच्या प्रमुख डोरोथिया बील यांना चिडून लिहिले. त्याचा आशय असा: माझी आई तरुण पुरुषांना शिकवत असे, मीही शिकवले, माझ्या वडिलांनी किंवा नवऱ्याने हरकत घेतली नाही, आणि इंग्रज माणसे घेतात याचे मला नवल वाटते.

बिशपांशी वाद घालताना ओघात आलेली ही एक नोंद, आणि तिच्यामुळे घराचे चित्र बदलते. गंगामूळला येणाऱ्या विद्यार्थ्यांची नोंद चरित्रे वडिलांच्या खात्यावर घालतात. या पत्रानंतर लक्ष्मीबाईंना त्या आश्रमाची अन्नपूर्णा एवढेच म्हणून थांबता येत नाही. त्या शिक्षिका होत्या आणि पुरुषांना शिकवत होत्या. पुण्यात फुले दांपत्याने शाळा काढल्या, त्याच पिढीतली ही गोष्ट.

सावधगिरी इथेही हवी. हा पत्रव्यवहार सिस्टर जेराल्डीन यांनी स्वतःच्या टिपांसह लावलेला आहे आणि रमाबाईंचे मतभेद त्यांना हट्ट वाटत. पण याच कारणाने हे वाक्य मला अधिक भक्कम वाटते. रमाबाईंच्या आईचा मोठेपणा सांगण्यात जेराल्डीन यांचा काहीच फायदा नव्हता, तरी ते राहिले.

म्हणून या जयंतीला ते ठरलेले वाक्य बदलावे, अशी माझी विनंती आहे. रमाबाईंचे वडील पुराणिक होते आणि आई शिक्षिका होती.