चित्रातली माणसं कुठे उभी राहतात?

नव्या इमारतीच्या जाहिरातीतलं चित्र पाहताना कधीकधी काहीतरी खटकतं. इमारत नेटकी असते, पण समोर चालणारी बाई दारापेक्षा उंच वाटते आणि मागची गाडी खेळण्यातली. असं चित्र म्हणजे रेंडर. त्यातली माणसं, झाडं आणि गाड्या बहुतेक वेळा शेवटी बसवलेल्या असतात, आणि बिघडतं ते तिथेच.

दुरुस्तीची किल्ली क्षितिजरेषेत आहे. संगणकातला कॅमेरा जमिनीपासून जितक्या उंचीवर, तितक्याच उंचीवरून क्षितिजरेषा चित्रातल्या प्रत्येक वस्तूला छेदते. वस्तू जवळ असो की लांब. समजा पुण्यातल्या चार मजली सोसायटीचं चित्र आहे आणि कॅमेरा १.६ मीटरवर, म्हणजे माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला. मग सपाट जमिनीवरच्या साधारण उंचीच्या सगळ्या माणसांचे डोळे क्षितिजरेषेवर यायला हवेत. लांबच्या माणसाची फक्त पावलं वर सरकतात, डोकं जागेवर राहतं. नवखा मात्र लांबचा माणूस दाखवायला त्याला लहान करतो आणि पावलं पुढच्या माणसाच्या ओळीतच ठेवतो. तो बुटका दिसतो, लांबचा नाही.

आता मोजून पाहू. इमारतीचा पाया क्षितिजरेषेच्या ८० पिक्सेल खाली आहे. हे ८० पिक्सेल म्हणजे १.६ मीटर. तिथे उभा १.७ मीटरचा माणूस ८५ पिक्सेलचा होईल, दीड मीटर उंच हॅचबॅक ७५ पिक्सेलची. १२ मीटरची इमारत ६०० पिक्सेल आणि तिला लागून असलेला ९ मीटरचा गुलमोहर ४५०, म्हणजे तिसऱ्या मजल्याच्या छतापर्यंत. झाड याहून खुजं काढलं की इमारत भव्य भासते. विकणाऱ्याला ते सोयीचं असतं. घर घेणाऱ्याने म्हणून आधी दार आणि माणूस ताडून पाहावेत. दार साधारण २.१ मीटरचं असतं, तेव्हा माणसाच्या डोक्यावर हातभरापेक्षा थोडी कमीच जागा उरायला हवी. पायरीवर किंवा ओट्यावर उभ्या माणसाचे डोळे अर्थातच तेवढे वर जातात.

माप जुळलं तरी माणूस हवेत तरंगताना दिसू शकतो. बुटाखालची ती गडद, बारीक सावली विसरलेली असते. शिवाय कापून आणलेल्या फोटोत ऊन डावीकडून आणि इमारतीवर उजवीकडून पडत असेल, तर आपल्याला कारण सांगता आलं नाही तरी डोळा अडतो. फोटो आडवा फिरवून हे पुष्कळदा सुटतं. गाडीची नंबरप्लेट मात्र तेव्हा उलटी होते.

वातावरण ठरतं ते याच निवडींतून. फुललेला गुलमोहर म्हणजे उन्हाळा. त्याच्याखाली लोकरी कोट घातलेली परदेशी जोडपी आली की जागा कुठलीच राहत नाही. त्यापेक्षा पिशवी घेऊन दाराकडे निघालेल्या आजी आणि कडेला लावलेली स्कूटर ठेवा. मला गर्दीपेक्षा अशी दोन-तीन माणसं पटतात, कारण त्यांच्या चालण्याच्या दिशेने नजर आपोआप प्रवेशद्वाराकडे जाते.

उंचावरून दिसणाऱ्या दृश्याला हे कापलेले फोटो चालत नाहीत. ते समोरून काढलेले असल्यामुळे माणसं जमिनीवर आडवी पडल्यासारखी दिसतात. तिथे त्रिमितीय माणसं आणि झाडंच मॉडेलमध्ये बसवावी लागतात.