स्पॅनिशमधले दोन ‘नो’, दोन ‘आस्क’

मागच्या एपिसोडनंतर बऱ्याच जणांचा एकच प्रश्न आला: साबेर आणि कोनोसेर, दोन्हींचा अर्थ ॲपमध्ये ‘टू नो’ दिसतो, मग कुठे काय वापरायचं? पेदीर आणि प्रेगुंतारचंही तेच, दोन्ही ‘टू आस्क’.

खरं तर घोळ इंग्लिशमुळे होतो. मराठीत विचार करा ना!

समजा मेक्सिको सिटीतल्या एका कॅफेत तुम्ही बसलाय. कॉफी हवीय, तर तुम्ही ती मागता: ‘पेदी उन काफे’, मी कॉफी मागवली. किंमत मात्र विचारता: ‘प्रेगुंते क्वांतो क्वेस्ता’, कितीला आहे ते विचारलं. इंग्लिश डोक्यात ठेवून ‘प्रेगुंते उन काफे’ म्हणालात, तर वेटरला ते चमत्कारिक वाटेल, कारण कॉफी ही विचारायची गोष्ट नाही. मदत, माफीसुद्धा आपण मागतोच, तिथेही पेदीर: ‘पेदीर आयुदा’, ‘पेदीर पेर्दोन’. जोडी अगदी जुळते.

फक्त एका जागी मराठी गंडवते. ‘आय आस्क्ड हिम टु कम’ला आपण ‘त्याला यायला सांगितलं’ म्हणतो, मागणं कुठे दिसतच नाही. पण विनंती आहे, म्हणून पेदीरच: ‘ले पेदी के विन्येरा’. ‘येतोस का’ असं विचारलं असेल, तर ‘ले प्रेगुंते सि वेनीआ’. पहिल्यात तुम्हाला तो यायला हवाय, दुसऱ्यात फक्त उत्तर हवंय.

आता ‘नो’. माणसाला ओळखणं म्हणजे कोनोसेर: ‘कोनोस्को आ मारीआ’. (मधला तो ‘आ’ विसरू नका, कर्म ठरावीक माणूस असला की लागतो.) मारीआ कुठे राहते हे माहीत असणं म्हणजे साबेर: ‘से दोंदे विवे मारीआ’. आणि ‘मला पोहता येतं’ यातलं ‘येतं’सुद्धा साबेरच: ‘से नादार’.

इथे मराठी अर्धवट साथ देते. ‘मला ते हॉटेल माहीत आहे’ यात माहीत आहे, म्हणून साबेर? नाही! जागेशी ओळख असते, म्हणून कोनोसेर. ‘कोनोस्को मेहिको’ म्हणालात, तर तुम्ही तिथे जाऊन आलाय असंच समोरचा धरेल. नकाशावर बघितलंय एवढंच असेल, तर ‘से दोंदे एस्ता’ म्हणा, म्हणजे कुठे आहे ते माहीत आहे.

अडलात तर वाक्यात ‘कुठे, कधी, किती, की’ बसतं का बघा. बसलं की साबेर. फोन नंबर, नाव यांनाही साबेरच, कारण नंबर किती, नाव काय, हीच माहिती आहे ती.

आणि एक गंमत. भूतकाळात ‘कोनोसी आ मारीआ’ म्हणजे ‘मी मारीआला ओळखलं’ नव्हे, ‘मारीआशी पहिल्यांदा ओळख झाली’. तसंच ‘सुपे’ म्हणजे ‘मला कळलं’.