कापला गेलेला कर तुमच्याच नावावर जमा असतो

साताऱ्यात राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेचा हिशेब घेऊ. २०२५-२६ या आर्थिक वर्षात त्यांना ५,४०,००० रुपये पेन्शन मिळाली आणि मुदत ठेवींवर ३,६०,००० रुपये व्याज मिळाले. ज्येष्ठ नागरिकाचे व्याज वर्षाला एक लाखाच्या वर गेले की बँकेला १० टक्के कर कापावा लागतो. त्यामुळे बँकेने ३६,००० रुपये कापून सरकारकडे भरले. पासबुकातली ही नोंद पाहून पैसे गेलेच, असे अनेकांना वाटते. पण हा व्याजावर बसलेला वेगळा कर नाही. वर्षअखेरीस जो काही कर ठरेल त्यापोटी आधीच जमा केलेली ती रक्कम असते, आणि ती तुमच्या पॅनवर नोंदलेली असते.

बँकेला फक्त स्वतः दिलेले व्याज दिसते. तुमची पेन्शन किती, वजावटी कोणत्या, दुसऱ्या बँकेत काय आहे, हे तिला ठाऊक नसते. म्हणून कायद्याने तिच्यासाठी एक सरसकट दर ठरवून दिला आहे. खरा कर मात्र सगळे उत्पन्न एकत्र केल्यावरच ठरतो. या दोन आकड्यांचा मेळ क्वचितच बसतो आणि परतावा निघतो तो त्या फरकातूनच.

शिक्षिकाबाईंच्या पेन्शनमधून ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट गेली की उरतात ४,६५,०००. त्यात व्याज मिळवले की एकूण उत्पन्न ८,२५,००० होते. नव्या करप्रणालीत पहिल्या चार लाखांवर कर नाही, पुढच्या चार लाखांवर ५ टक्क्यांनी २०,००० आणि उरलेल्या २५,००० वर १० टक्क्यांनी २,५०० रुपये होतात. पण उत्पन्न १२ लाखांच्या आत असल्यामुळे हा २२,५०० रुपयांचा कर सवलतीत पूर्ण माफ होतो. देणे शून्य, जमा ३६,०००. म्हणजे सगळे पैसे परत मिळायला हवेत. मात्र ते आपोआप येत नाहीत, त्यासाठी विवरणपत्र भरावेच लागते. ३१ जुलैच्या मुदतीत ते भरले तर १ एप्रिलपासून दरमहा अर्धा टक्का व्याजही मिळते. ऑगस्टमध्ये परतावा आला, तर पाच महिन्यांचे ९०० रुपये. हे व्याज पुढच्या वर्षीच्या उत्पन्नात दाखवावे लागते. मूळ परतावा नाही.

खरे तर बाईंनी वर्षाच्या सुरुवातीलाच बँकेत फॉर्म १५एच दिला असता, तर हा पैसा अडकलाच नसता. आपला एकूण कर शून्य येणार आहे, असे ज्येष्ठ नागरिकाने लिहून देण्याचे ते घोषणापत्र. बँका ते आपणहून मागत नाहीत, याची मला खंत वाटते.

उलटी बाजूही तितकीच खरी आहे. बाईंचा मुलगा ३० टक्क्यांच्या टप्प्यात असेल आणि त्याला एक लाख रुपये व्याज मिळाले असेल, तर बँक कापेल १०,०००. त्याचा कर मात्र उपकरासह ३१,२०० रुपये होतो. उरलेले २१,२०० त्याने स्वतः भरायचे. ‘टीडीएस कापलाय, आता व्याज दाखवायची गरज नाही’ हा समज अशा वेळी महागात पडतो, कारण व्याजाची माहिती बँकेकडून आयकर खात्याकडे आधीच पोचलेली असते.

सर्वांत जास्त घोळ होतो तो मुदतीअखेर एकरकमी व्याज देणाऱ्या ठेवींत. हातात पैसा पाच वर्षांनी येतो, पण बँक दरवर्षी साठलेल्या व्याजावर त्या त्या वर्षी कर कापते. ठेवीदार ते व्याज शेवटच्या वर्षी दाखवायचे ठरवतो आणि कापलेला कर मात्र आधीच्या वर्षांत मागतो. मग विवरणपत्रातले उत्पन्न आणि जमा कर जुळत नाहीत, आणि परतावा रोखला जातो. ज्या वर्षी कर कापला, त्याच वर्षी व्याज दाखवणे हाच सरळ मार्ग.

विवरणपत्र भरण्याआधी आयकराच्या पोर्टलवर फॉर्म २६एएस उघडा आणि त्यातली रक्कम बँकेच्या फॉर्म १६ए शी ताडून पाहा. मार्चअखेरच्या तिमाहीचे विवरण द्यायला बँकेला ३१ मेपर्यंत मुदत असते, म्हणून जूनच्या मध्यानंतर पाहिलेले बरे. बँकेकडे पॅन चुकीचा नोंदला गेला असेल, तर तुमचे पैसे तिथे दिसणार नाहीत. ही दुरुस्ती आयकर कार्यालयात होत नाही. बँकेनेच आपले विवरण सुधारून द्यावे लागते, तेव्हा लेखी अर्ज तिथेच द्या आणि पोच घ्या.